“लिफ्ट जमिनीत जाणार नाही”: शहरी-ग्रामीण मिश्र वर्गासाठी प्रश्न काढताना

सुलेखा_व

नमस्कार. मी सातवीला गणित शिकवते. वर्गात ६२ मुलं आहेत. २८ शहरात वाढलेली, ३४ खेड्यांतून येणारी. मागच्या आठवड्यात वीस प्रश्नांची चाचणी घेतली. त्यातला चौदावा प्रश्न असा होता:

“एका इमारतीतील लिफ्ट तळमजल्यावर आहे. ती ५ मजले वर गेली व नंतर ८ मजले खाली आली. आता ती कोणत्या मजल्यावर आहे? उत्तर चिन्हासह लिहा.”

उत्तर −३. मला तपासायची होती ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी. लिफ्ट घेतली कारण प्रश्न जरा जिवंत वाटेल असं वाटलं.

शहरी २८ पैकी २२ जणांचं बरोबर आलं. ग्रामीण ३४ पैकी फक्त १३. एका मुलाने उत्तराच्या जागी वाक्य लिहिलं होतं: “८ मजले खाली येणार नाही. ५ मजले आल्यावर जमीन लागते. लिफ्ट जमिनीत जाणार नाही.” मी त्याला शून्य दिला आणि पुढचा पेपर घेतला. रात्री ते वाक्य पुन्हा आठवलं. तो मुलगा चुकीचं काहीच बोलला नव्हता. त्याने पाहिलेल्या जगात जमिनीखाली मजले नसतात.

आता मला दोन गोष्टी कळत नाहीत. ही मुलं ऋण संख्यांत कच्ची आहेत की माझा प्रश्नच कच्चा होता, हे ठरवायचं कसं? आणि पुढच्या वेळी प्रश्न लिहायचा कसा?

---

प्रभाकर_मास्तर

ताई, तीस वर्षं शिकवलं, हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. माझा उपाय सोपा आहे. प्रश्नपत्रिकेत निम्मे संदर्भ शहरी ठेवायचे, निम्मे ग्रामीण. लिफ्ट आली की पुढे विहीर येऊ द्या. सिग्नल आला की बांध येऊ द्या. मग कुणाला बोलायला जागा राहत नाही आणि एकूण गुणांत वरखाली होऊन सगळं सारखं होतं.

---

आरोहीची_आई

मी शिक्षिका नाही, पण वाचून राहवलं नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी गावाकडून शहरात आलो. मुलगी तेव्हा तिसरीत. परिसर अभ्यासाच्या पेपरात “रानात आढळणाऱ्या चार प्राण्यांची नावे लिहा” असा प्रश्न होता. तिने लिहिलं: बैल, गाय, शेळी, कुत्रा. चारही चूक. बाईंनी शेरा मारला, “पाळीव आणि जंगली प्राण्यांतील फरक समजून घेणे.”

आमच्याकडे रान म्हणजे शेत. “बाबा रानात गेलेत” म्हणजे शेतावर गेलेत. तिला पाळीव-जंगली फरक चांगला माहीत होता, रोज बघत होती. शाळेत जाऊन सांगितलं तर “पुस्तकात रान म्हणजे जंगलच आहे” असं उत्तर मिळालं. मुलगी त्यानंतर बरेच दिवस पेपर लिहिताना प्रत्येक शब्द मला विचारायची, “याचा शाळेतला अर्थ काय?”

यावर काही करता येतं का? की अशा मुलांसाठी वेगळी प्रश्नपत्रिकाच काढायला पाहिजे?

---

मापनपट्टी

मी बरीच वर्षं प्रश्नपेढीचं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आरोहीच्या आईंना आधी: वेगळी प्रश्नपत्रिका नको. वेगळ्या पेपरांचे गुण एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत, आणि “सोपा पेपर दिला” हा शिक्का मुलांवर बसतो तो निराळाच. तुमच्या मुलीच्या बाबतीत “रान” ऐवजी “जंगल” एवढा एक शब्द पुरला असता. जंगल दोन्हीकडे जंगलच आहे. ज्या शब्दाचे दोन प्रांतांत दोन अर्थ होतात तो बाद करून दोन्हीकडे एकच अर्थ असलेला शब्द शोधायचा. बहुतेक वेळा सापडतो.

मास्तरांचं अर्धं पटतं. एकाच बाजूचे संदर्भ नकोत हे खरं. पण एकूण गुण सारखे झाले म्हणून काम झालं नाही. समजा ऋण संख्या लिफ्टवरून तपासल्या आणि भागाकार विहिरीच्या मोटेवरून. मग निकालात दिसेल की ग्रामीण मुलं ऋण संख्यांत कच्ची आणि शहरी मुलं भागाकारात कच्ची. दोन्ही खोटं असू शकतं. बेरीज जुळली, पण कोणाला काय पुन्हा शिकवायचं हे चुकलं. वर्गातल्या चाचणीचा उपयोग तर त्याचसाठी असतो.

सुलेखाताई, २२ आणि १३ या आकड्यांवरून अजून काहीच ठरत नाही. फरक दिसला म्हणजे प्रश्न पक्षपाती असं नाही. ग्रामीण मुलांना पूर्वीच्या शाळेत ऋण संख्या नीट शिकवल्याच गेल्या नसतील तर फरक खरा आहे, आणि तो लपवणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. तुलना करायची ती सारख्या तयारीच्या मुलांची. दोन मुलं बाकीच्या प्रश्नांत तोडीस तोड आहेत, आणि याच एका प्रश्नावर त्यातलं शहरातलं मूल तरून जातं, खेड्यातलं बुडतं, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर प्रश्नात काहीतरी आहे.

तुमच्याकडे उत्तरपत्रिका असतील तर एवढं करा. चौदावा प्रश्न बाजूला काढा. उरलेल्या १९ पैकी कोणाला किती आले त्यावरून तीन गट पाडा: ० ते ९, १० ते १४, १५ ते १९. प्रत्येक गटात शहरी किती, ग्रामीण किती आणि त्यातल्या किती जणांचा चौदावा बरोबर आला ते मोजा. ऋण संख्यांचाच पण गोष्ट नसलेला एखादा प्रश्न असेल तर त्याचंही तसंच करा. आणि चुकलेल्यांनी नेमकं काय लिहिलं तेही टिपून घ्या. त्यातूनच जास्त कळेल.

---

तर्कशुद्ध

मला हा सगळा विचार मुलांना कमी लेखणारा वाटतो. लिफ्ट न पाहिलेल्या मुलाला लिफ्ट कधीतरी कळायला हवीच ना? ज्या जगात त्याला जायचं आहे तिथे तळघरात गाड्या लावतात. आपण प्रश्न धुऊनपुसून काढत बसलो तर त्याला त्या जगाची ओळख कधी होणार?

---

मापनपट्टी

ओळख शिकवताना करून द्यावी. चित्र दाखवा, फळ्यावर काढा, मुलांना बोलू द्या. चाचणीच्या पाऊण तासात मूल विचारू शकत नाही, त्यामुळे तिथे ओळख होत नाही, फक्त दंड होतो. “बहुमजली इमारत” हाच धडा असता आणि तो शिकवून झाला असता, तर लिफ्ट विचारणं अगदी रास्त होतं. इथे धडा ऋण संख्यांचा आहे.

---

सुलेखा_व

मापनपट्टी सर, रविवारी बसून केलं. गोष्ट नसलेला प्रश्न नववा होता, नुसतं “५ − ८ = ?”. एकाच प्रकारची आकडेमोड दोनदा विचारली हे नियोजन नव्हतं, पण आता उपयोगी पडलं.

चौदावा (लिफ्ट):
खालचा गट: शहरी ६ पैकी ३, ग्रामीण १४ पैकी ३
मधला गट: शहरी १२ पैकी १०, ग्रामीण १३ पैकी ५
वरचा गट: शहरी १० पैकी ९, ग्रामीण ७ पैकी ५

नववा (५ − ८), त्याच गटांत:
खालचा: शहरी ६ पैकी ३, ग्रामीण १४ पैकी ६
मधला: शहरी १२ पैकी १०, ग्रामीण १३ पैकी १०
वरचा: शहरी १० पैकी १०, ग्रामीण ७ पैकी ७

ग्रामीण मुलांची चौदाव्यातली २१ चुकीची उत्तरं अशी: ८ जणांनी −२ लिहिलं. ५ जणांनी ० किंवा “तळमजला” किंवा वर सांगितलं तसं वाक्य. ४ जणांनी ३ किंवा १३. ४ कोरी. शहरी सहा चुकांत तीन “३”, दोन “१३”, एक कोरं. शहरी मुलांत −२ एकही नाही.

ते −२ कुठून आलं हे मला कळेना. शेवटी एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, “बाई, तळमजला म्हणजे एक ना? एक आणि पाच सहा. सहातून आठ गेले, उणे दोन.” मी गप्पच झाले. जे तपासायचं होतं ते तिने बिनचूक केलं होतं.

---

मापनपट्टी

ताई, चुका टिपल्यात हे फार चांगलं केलंत. आता सावकाश वाचू.

नववा प्रश्न आधी बघा. एकूण काढलं तर शहरी २८ पैकी २३ आणि ग्रामीण ३४ पैकी २३, म्हणजे ८२ टक्के आणि ६८ टक्के. फरक दिसतो. पण गटांत शिरलं की तो जवळजवळ उरत नाही: मधल्या गटात १२ पैकी १० आणि १३ पैकी १०. एकूण फरक आला कारण खालच्या गटात ग्रामीण मुलं जास्त आहेत. म्हणजे या प्रश्नात खोट नाही. तयारीतला खरा फरक त्यात उमटला आहे आणि तो शिकवूनच भरून काढायचा आहे.

चौदाव्यात तसं होत नाही. मधल्या गटात १२ पैकी १० विरुद्ध १३ पैकी ५. हीच १३ मुलं ५ − ८ करताना १० जण बरोबर होती. वरच्या गटातही फरक उरतोच. म्हणजे गणित येतं, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर अडतं.

हे एका आकड्यात मांडायची रीत आहे. नेथन मँटेल आणि विल्यम हेन्झेल यांनी १९५९ मध्ये ती कर्करोगाच्या संशोधनासाठी काढली होती. वेगवेगळ्या वयोगटांतल्या रुग्णांची तुलना करायची तर वय सारखं धरावं लागतं, तीच अडचण. पुढे १९८० च्या दशकात हॉलंड आणि थेयर यांनी ती परीक्षेच्या प्रश्नांना लावली. प्रत्येक गटात “शहरी बरोबर गुणिले ग्रामीण चूक” भागिले गटातली मुलं, आणि “शहरी चूक गुणिले ग्रामीण बरोबर” भागिले गटातली मुलं, असे दोन आकडे काढायचे. पहिल्यांची बेरीज भागिले दुसऱ्यांची बेरीज. उत्तर १ च्या आसपास आलं तर प्रश्न दोघांना सारखा.

तुमच्या लिफ्टसाठी: खालचा गट ३×११÷२० आणि ३×३÷२०, मधला १०×८÷२५ आणि २×५÷२५, वरचा ९×२÷१७ आणि १×५÷१७. पहिल्यांची बेरीज ५.९१, दुसऱ्यांची १.१४. भागाकार पाचाच्या थोडा वर. नवव्या प्रश्नाचा याच रीतीने १.४ येतो.

पण जपून. मोठ्या परीक्षांमध्ये हे शेकड्यांनी मुलं हाताशी असताना करतात. तुमच्या वरच्या गटात शहरी चूक एकच आहे. ते एक मूल त्या दिवशी गैरहजर असतं तरी आकडा हलला असता. वर्गपातळीवर या आकड्याला निकाल मानू नका. त्याने फक्त बोट दाखवलं की इथे बघा. खात्री पटली ती त्या मुलीच्या “तळमजला म्हणजे एक ना?” ने. आठ मुलांची एकसारखी चूक आणि तीही एकाच बाजूच्या मुलांची, हा पुरावा मला भागाकारापेक्षा मोठा वाटतो.

---

बोलीभान

सर, एक शंका. तुम्ही गट पाडले ते बाकीच्या १९ प्रश्नांवरून. ते १९ प्रश्नही याच बाईंनी, याच भाषेत, याच अनुभवातून लिहिले आहेत. सगळेच थोडेथोडे एका बाजूला झुकलेले असतील तर?

---

मापनपट्टी

तर ही रीत आंधळी ठरते. सगळ्यांच्या मानाने एखादा प्रश्न जास्त झुकला असेल तरच तो दिसतो. सगळी पट्टीच वाकडी असेल तर तिच्यावर मोजून वाकडेपणा कळत नाही. याला आकड्यांत उत्तर नाही. दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो खेड्यात वाढलेल्या शिक्षकाने, प्रश्नपत्रिका आधी वाचणं एवढंच हातात राहतं.

---

बोलीभान

मग भाषेबद्दल लिहिते, माझा विषय तोच. संदर्भ डोळ्यांत भरतो, लिफ्ट आहे की विहीर हे लगेच दिसतं. भाषा दिसत नाही, कारण प्रश्न काढणाऱ्याला ती आपलीच असते.

एका विज्ञानाच्या पेपरातला प्रश्न: “सदर पदार्थांपैकी कोणत्या पदार्थाचे बाष्पीभवन होत नाही असे म्हणता येणार नाही?” यात “बाष्पीभवन” विषयातला शब्द आहे, तो राहिलाच पाहिजे, तो मुलांना शिकवला आहे. “सदर” आणि “होत नाही असे म्हणता येणार नाही” यांचा विज्ञानाशी काही संबंध नाही. ज्या घरात कचेरीची कागदपत्रं, वर्तमानपत्रं येतात तिथे ही भाषा कानावर पडलेली असते. “यांपैकी कोणत्या पदार्थाचे बाष्पीभवन होते?” एवढं पुरतं.

गणितात माझ्या वर्गात सगळ्यात जास्त अडलेला शब्द “अनुक्रमे”. “अ व ब यांची वये अनुक्रमे १२ व १५ आहेत.” पुष्कळ मुलं त्याचा अर्थ “क्रमाने वाढत जाणारी” असा घेतात. “अ चे वय १२ आणि ब चे १५” लिहिलं की एक शब्द जातो आणि गणित तेवढंच राहतं. तसंच किमान आणि कमाल, ऐकायला जुळे भाऊ. “कमीत कमी”, “जास्तीत जास्त” सगळ्यांना कळतं. आणि “परवा”! तो गेलेलाही असतो आणि येणाराही. वारांच्या प्रश्नात मी तो कधीच घेत नाही.

अमेरिकेत जमाल आबेदी यांनी हे तपासून पाहिलं होतं. तिथल्या राष्ट्रीय चाचणीतले गणिताचे प्रश्न घेतले, गणित तसंच ठेवलं आणि फक्त वाक्यं सोपी केली. गुणांत फायदा थोडाच झाला, पण ज्या मुलांची घरची भाषा वेगळी होती आणि जी गरीब घरांतली होती त्यांना तो जास्त झाला.

मात्र हे शहर-खेडं असं सरळ नसतं. शहरातल्या एका खोलीत राहणाऱ्या मुलालाही “सदर” कळत नाही आणि त्याच्या चाळीला लिफ्टही नसते. सुलेखाताई, तुमच्या शहरी सहा चुकांमध्ये असं कोणी आहे का, बघाल?

---

प्रभाकर_मास्तर

मग तर सगळ्यात उत्तम उपाय समोरच आहे. गोष्टच नको. नुसतं ५ − ८ द्या. आकड्यांना ना शहर ना खेडं.

---

रानवारा

मास्तर, यावर एक आठवण करून देतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नुनेस, कॅरहर आणि श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना हिशोब विचारले. त्यांचं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. नेहमीच्या जागी गिऱ्हाईक म्हणून विचारले तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर. तशाच हिशोबांची शाब्दिक उदाहरणं करून दिली तेव्हा ७४ टक्के. आणि कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्के. म्हणजे कोरे आकडे हीसुद्धा एक भाषा आहे आणि ती शाळेत जास्त काळ बसलेल्याला जास्त येते. पाचच मुलं होती, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करणार नाही, पण “आकड्यांना बाजू नसते” एवढं म्हणता येत नाही.

दुसरं, “लिफ्ट जमिनीत जाणार नाही” या वाक्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना विचारत: उत्तरेकडे बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर यायचं, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरी पाहिली नाहीत. लुरियांनी यातून विचारपद्धतीबद्दल बरंच काही काढलं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की “मी सांगतो ते खरं धर आणि पुढे चल” हा शाळेचा एक न बोललेला नियम आहे. तो माहीत नसलेलं मूल स्वतःच्या अनुभवाला स्मरून प्रामाणिक उत्तर देतं. मी स्वतः खेड्यात शिकलो. “सहा मजूर एक शेत आठ दिवसांत नांगरतात” वाचलं की आधी मनात यायचं, जमीन कोणती आहे आणि पाऊस झालाय का. शेतीचा संदर्भ होता, आणि मला तोच नडला. मास्तरांची विहीर म्हणूनच मला सोपी वाटत नाही. जे आपल्याला फार जवळचं असतं त्याचं खोटं गणित करणं अवघड जातं.

---

सुलेखा_व

बोलीभानताई, पाहिलं. शहरी सहापैकी दोघं अशी आहेत की त्यांच्या घरी लिफ्ट नाही. दोघांचं उत्तर “३” आहे. पण त्यांच्या नवव्या प्रश्नातही चिन्ह सुटलंय, त्यामुळे ते गणिताचंच असावं. नक्की सांगता येत नाही.

सगळ्यांचं वाचून नवा प्रश्न असा लिहिला, सोबत शून्य मध्यभागी असलेल्या संख्यारेषेचं चित्र: “एक मुलगा शून्यावर उभा आहे. तो ५ पावले पुढे गेला व नंतर ८ पावले मागे आला. आता तो कुठे आहे?”

---

मापनपट्टी

चित्र काढून टाका ताई. चित्र असलं की मूल बोट ठेवून मोजतं. मग सगळ्यांचं बरोबर येईल, पण वजाबाकी नाही, मोजणी तपासली जाईल. संदर्भ सोपा करताना गणित सोपं होऊन जाणं ही नेहमीची घसरण आहे. लिफ्टमध्ये दोन गोष्टी प्रश्नाबाहेरच्या होत्या: सुरुवात शून्यापासून धरायची, आणि शून्याच्या खाली जाता येतं. त्या दोन्ही नव्या प्रश्नात शब्दांनी सांगून टाका, उत्तर मात्र मुलाला काढू द्या. आणि देण्याआधी तीन शहरी, तीन ग्रामीण मुलांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. सोडवायला सांगू नका. फक्त विचारा, “यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग.” एका तासिकेत होतं.

---

सुलेखा_व

केलं. दुसरा मसुदा: “एका खेळात प्रत्येक जण ० गुणांपासून सुरुवात करतो. गुण शून्याच्या खालीही जाऊ शकतात. मीनाला आधी ४ गुण मिळाले. नंतर तिचे ९ गुण कमी झाले. आता मीनाचे गुण किती?”

सहा जणांना वाचायला दिला. पाच जणांनी नीट सांगितला. सहावी, खेड्यातली, थांबून म्हणाली, “बाई, चांगले गुण का वाईट गुण?” मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग विचारलं, “परीक्षेत तुला काय मिळतं?” म्हणाली, “मार्क.” शहरातल्या तिघांनाही विचारलं, तिघेही मार्कच म्हणाले. वर्गात कोणी “गुण” म्हणतच नाही, मीसुद्धा नाही. “मार्क” केलं.

या आठवड्यात सगळ्या वर्गाला दिला. शहरी २८ पैकी २३, ग्रामीण ३४ पैकी २४. मागचेच गट धरून: खालचा ६ पैकी ३ आणि १४ पैकी ७, मधला १२ पैकी १० आणि १३ पैकी १०, वरच्या गटात सगळे बरोबर.

---

तर्कशुद्ध

मधल्या काळात तुम्ही लिफ्टचा प्रश्न वर्गात सोडवून घेतला असणार. मग सुधारणा नव्या शब्दांमुळे झाली की सरावामुळे?

---

सुलेखा_व

घेतला होता, सर. त्यामुळे सगळं श्रेय प्रश्नाला देता येत नाही हे खरं. पुढच्या तुकडीला सरावाशिवाय दोन्ही प्रश्न देऊन बघेन, अर्ध्यांना लिफ्ट आधी, अर्ध्यांना खेळ आधी.

---

प्रभाकर_मास्तर

“मार्क” मला पटत नाही ताई. मराठी पेपरात मराठी शब्द हवा. मुलांना येत नाही म्हणून सोडून दिला तर तो शिकणार कधी?

---

बोलीभान

मास्तर, भाषेच्या तासाला “गुण” चे दोन्ही अर्थ शिकवा, तिथे विचारा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. गणिताच्या पेपरात तो शब्द मुलीच्या आड आला.

---

प्रभाकर_मास्तर

भाषेचा तास वेगळा आणि गणिताचा वेगळा असं मी कधी मानलं नाही. विचार करतो.

---

आरोहीची_आई

त्या पहिल्या मुलाचं काय झालं, ज्याने वाक्य लिहिलं होतं?

---

सुलेखा_व

त्याला बोलावून विचारलं, “जमिनीखाली मजले असतील असं धरलं तर?” लगेच म्हणाला, “मग उणे तीन.” मागच्या उत्तरपत्रिकेत त्याचा गुण दुरुस्त केला आणि −२ लिहिलेल्या आठ जणांचाही. ज्यांनी नुसतं ० किंवा “तळमजला” लिहिलं त्या चौघांचं काय करावं ते अजून ठरलेलं नाही. त्यांना जमीन दिसली होती की वजाबाकी आली नव्हती, कागदावरून कळत नाही. उद्या एकेकाला विचारणार आहे.